सहकर्जदाराची संमती

माझा धाकटा भाऊ गेला, तरी त्याचा फोन आमच्या घरात चालूच होता. स्वयंपाकघरात फ्रिजवर, चार्जरला लावलेला. वहिनी रोज संध्याकाळी ओटा पुसून झाला की कोरड्या फडक्याने त्याची काच पुसायची आणि त्याला पुन्हा जागच्या जागी ठेवायची. दर महिन्याला रिचार्जही तीच करायची.

"बंद केला तर नंबर दुसऱ्या कुणाला देतील, वन्सं," ती मला म्हणाली होती. "मग मी चुकून लावला तर कुणीतरी परका उचलेल."

सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. नंबर रिकामा राहत नाही, हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. एका माणसाचा नंबर दुसऱ्याला गेला की महिनोन् महिने जुन्याची चौकशी करणारे फोन येत. नवा माणूस वैतागून आमच्याकडे तक्रार करी, "तो इथे राहत नाही, किती वेळा सांगू?"

त्या फोनवर पेट्रोल पंपाच्या सवलती येत, विम्याच्या जाहिराती येत, दातांच्या दवाखान्याची आठवण येई. आणि सकाळी गजर होई. भावाने तो स्वतःच्या आवाजात भरून ठेवला होता. बारकीची कॉलेजची पहिली परीक्षा होती तेव्हाचा. "बारके, ऊठ. पेपर तुला सोडवायचाय, मला नाही." त्याच्यामागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि वहिनी म्हणते, "अहो, पाच मिनिटं झोपू द्या की तिला." तो कुकर आम्ही कधीच मोडीत काढला. तरी रोज सकाळी त्याची शिट्टी होई, आणि बारकी उठून अंथरुणावर बसे. गजर बदल, असं तिला कुणी म्हणत नसे.

बारकी म्हणजे माझी भाची. शिक्षण पूर्ण झालं होतं, नोकरी नव्हती. मुलाखती देऊन यायची आणि चपला काढता काढता सांगायची, "आत्या, आणखी एका 'कळवू'वाल्याकडे जाऊन आले." कळवत कुणीच नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवायची, त्यातून तिचा येण्याजाण्याचा खर्च निघायचा.

शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. कर्जदार बारकी, सहकर्जदार तिचे बाबा. शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरायचा नाही, असा करार होता. ते वर्ष आता संपत आलं होतं. तसा मेसेजही आला. आला तो दोघांना, बारकीच्या फोनवर आणि फ्रिजवरच्या.

दोन्ही फोन एकदम वाजले. वहिनी पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला.

मी बारकीबरोबर बँकेत गेले. ती नको म्हणत होती, पण मला घरी बसवेना. कर्जाच्या टेबलावर एक बाई होत्या. जाड चष्मा, खांद्यावर शाल, समोर पाण्याची बाटली. एसी थेट त्यांच्या डोक्यावर होता. त्यांनी बारकीचं सगळं ऐकून घेतलं, मधे बोलल्या नाहीत.

"मुदतवाढ मिळते," त्या म्हणाल्या. "नोकरी लागली नसेल तर मिळते. पण नीट ऐक हं. एका वेळी सहा महिने. कर्ज फिटेपर्यंत दोनदा, फार तर तीनदा. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते मुद्दलात मिळत जातं, म्हणजे पुढचा हप्ता आज ठरलाय त्याहून मोठा येणार. चालेल?"

"चालेल," बारकी म्हणाली.

"आणि मी देत नाही, मी शिफारस करते. मंजुरी वरून येते. अर्ज मुदत संपायच्या आत हवा. एकदा हप्ता चुकला, खातं थकीत दिसायला लागलं, की मग माझ्या हातात फारसं राहत नाही."

"मॅडम, माझी एका ठिकाणी मुलाखतीची दुसरी फेरी झालीय. ते लोक आधीच्या कर्जांची नोंद बघतात, असं फॉर्ममध्येच लिहिलंय."

"बघतात ना. म्हणूनच वेळेत आलीस ते बरं केलंस. जिथे जिथे अर्ज केलेस त्यांचे मेल आण, नकार आले असतील तर तेही. नोकरी नाही असं तुझ्या सहीचं पत्र आण. काही मिळकत?"

"शिकवण्या घेते. दोन मुलं."

"तेही लिही, लपवू नकोस. त्याने नाही म्हणत नाहीत." त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीतरी उघडलं. "आणि बाबांची संमती. ते सहकर्जदार आहेत, त्यांच्याशिवाय करार बदलता येत नाही. कुठे असतात?"

बारकीने ओठ उघडले. मला वाटलं, आता सांगेल.

"बाहेरगावी," ती म्हणाली.

"मग यायची गरज नाही. त्यांच्या मोबाईलवर लिंक पाठवते, कोड टाकला की झालं. नंबर हाच ना अजून?"

"हाच आहे."

खोटं असं काही नव्हतंच त्यात. नंबर तोच होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर कोपऱ्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी तिला थांबवलं. "बाहेरगावी?"

"आत्या, ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये, विचारतेय."

"त्यांनी कर्ज दिलं ते बाबांच्या पगारावर. माझ्याकडे बघून कोण देणार होतं? पगारच नाही आता म्हटलं, तर वर्षभर घरी बसलेल्या मुलीला मुदत कशाला देतील?" ती झेरॉक्सवाल्याच्या काचेकडे पाहत होती. "आणि मला ते म्हणता येत नाही. खरंच येत नाही. आईनेही अजून म्हटलेलं नाही, ऐकलंयस कधी?"

ऐकलं नव्हतं. मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. "हे असते तर" असंही वहिनी कधी म्हणाली नव्हती. मृत्यूचा दाखला काढायला मी गेले होते, आणून कपाटात ठेवला होता. तो पाकिटातून बाहेर काढलेला नव्हता. आणि मी तरी कुठे म्हटलं होतं? ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलं की मी पुढे होऊन त्यांच्याच घरची खुशाली विचारायची.

त्या संध्याकाळी लिंक आली. आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या. बारकीने फोन हातात घेतला. पडद्यावर माझ्या भावाचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. खाली लिहिलं होतं, 'मी सहकर्जदार या मुदतवाढीस संमती देतो.' मग कोड आला, तो टाकायला रिकाम्या चौकटी.

"टाक," वहिनी म्हणाली. "ते नाही म्हणणार होते का? तुझ्यासाठी कुठे म्हणून सही केली नाही त्यांनी? शाळेच्या सहलीच्या चिठ्ठ्यांवर मी वाचायच्या आत सही झालेली असायची."

"हो ना," बारकी म्हणाली. एकेक आकडा टाकत गेली. शेवटच्या चौकटीवर अंगठा तसाच राहिला. पडदा म्हणाला, वेळ संपली.

तिने पुन्हा मागवला. पुन्हा तसंच. मी काही करत नव्हते. मी त्या फोनकडे पाहत होते आणि मला उगाच वाटत होतं की आतल्या खोलीतून कुणीतरी खाकरणार. भावाला तशी सवय होती. काही न पटलं की तो बोलायचा नाही, खाकरायचा. तिघींपैकी कुणी आतल्या दाराकडे पाठ करून उभं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

"आण इकडे," म्हणून वहिनीने फोन ओढून घेतला. ती चष्म्याच्या दुकानात हिशेब पाहते, पण स्वतःचा चष्मा तिला कधी जागेवर सापडत नाही. तिने डोळे बारीक करून भराभर आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा पडदा लाल झाला. 'कृपया शाखेशी संपर्क साधा.'

"काय झालं?" ती म्हणाली.

"बंद झालं, आई. लॉक झालं."

"म्हणजे नाही म्हणाले?"

बारकी हसली. आणि मग तिला रडू आलं. वहिनीने फोनची काच पुसली आणि तो फ्रिजवर ठेवून दिला. रात्रीची जेवणं आम्ही उभ्या उभ्याच केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फ्रिजवरचा. मेसेज यायचे, पण तो असा वाजला नव्हता कितीतरी दिवसांत. जुन्या फोनसारखी ट्रिंग ट्रिंग भावाने मुद्दाम लावली होती, मला चिडवायला. म्हणायचा, "तायडे, तुझं एक्स्चेंज खिशात घेऊन फिरतो मी."

उचलला वहिनीने. आवाज मोठा होता, मला टेबलापाशी सगळं ऐकू येत होतं. कर्जाच्या बाईच होत्या.

"नमस्कार, साहेब आहेत का? काल लिंक लॉक झालेली दिसली. मुलगी सांगत होती बाहेरगावी असतात, म्हटलं काही अडचण आली का बघावं. तारीख जवळ आलीये."

"आहेत," वहिनी म्हणाली. "देते हं."

आणि ती चालायला लागली.

मी पाहत राहिले. ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली, पॅसेजमधून गेली, वाटेत तिने खुर्चीवरचा टॉवेल सवयीने उचलून खांद्यावर टाकला. आतल्या खोलीत खिडकीशी भावाची आरामखुर्ची आहे. ती तिथे थांबली आणि तिने हात पुढे केला. फोन हातात, पडदा वरच्या बाजूला, कुणी सहज घ्यावा असा. मान थोडी कलती. भाऊ चष्मा शोधत असताना, किंवा पेपरची घडी घालत असताना ती वाट पाहायची, तशीच उभी.

"तुमचा फोन," ती म्हणाली.

बारकी दारात माझ्यामागे येऊन उभी होती. तिने माझा दंड धरला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "हॅलो, सर?"

खुर्ची रिकामी होती. मी खरं तेच सांगते, ती रिकामीच होती. पण वहिनीचा हात खाली येईना. आणि मला त्या क्षणी खात्री नव्हती की कुणी बोलणार नाही.

"सर, ऐकू येतंय का?"

एक्स्चेंजमध्ये परगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" पुष्कळदा दोन्हीकडे कुणी बोलत नसायचं. नुसते श्वास ऐकू यायचे. तरी "वाढवा, वाढवा" म्हणायचे लोक. मी वाढवून द्यायची. किती जणांना मी तसं नुसतं धरून ठेवलं असेल. पण पलीकडे माणूस असायचा. पलीकडे कुणी नसेल तर लाइन धरून ठेवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी पुढे गेले आणि वहिनीच्या हातातून फोन घेतला. तिने सोडला नाही लगेच. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"मी त्यांची बहीण बोलतेय," मी म्हणाले. "ते नाहीत. वारले. आठ महिने झाले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आणि काल कोड कोण टाकत होतं?" बाईंनी विचारलं. आवाज बदलला होता.

"आम्हीच."

"उद्या सकाळी या. तिघी या. दाखला घेऊन."

मी फोन बंद केला. वहिनी माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं ओरडेल, वाटलं मारेल सुद्धा. ती खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधी बसत नसे.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही किती पटकन म्हणून टाकलंत."

सकाळी बाईंनी आम्हाला टेबलासमोर बसवलं आणि दाखला वाचला. सावकाश, तारखेसकट. चष्मा काढून ठेवला.

"सांत्वन नंतर करते," त्या म्हणाल्या. "आधी हे ऐका. ती संमती परवा गेली असती, तर वारलेल्या माणसाच्या नावाने संमती गेली असती. आज ना उद्या उघडकीला आलंच असतं. मग मुदतवाढ राहिली बाजूला, तुम्ही आमच्याशी लबाडी केली असं झालं असतं. या मुलीच्या नावावर. कळतंय का?"

"मी टाकला कोड," वहिनी म्हणाली. "तिने नाही टाकला."

"चुकीचा टाकलात, नशीब समजा."

"चष्मा नव्हता," वहिनी म्हणाली. बाई जवळजवळ हसल्या.

मग त्यांनी समजावलं. सहकर्जदार गेला तर बँकेला कळवावं लागतं, आणि त्याच्या जागी दुसरा घ्यावा लागतो. तसा कुणी असेल तर मुदतवाढीचा अर्ज थांबायचं कारण नाही. कर्जाबरोबर विमा होता का, हेही त्यांनी पाहिलं. होता, पण बारकीच्या नावाचा; भाऊ गेल्याने त्यातून काही मिळणार नव्हतं.

"मला घाला," मी म्हणाले. "मला पेन्शन आहे."

"आजी, कर्ज फिटेल तेव्हा तुमचं वय..."

"राहू दे. आकडा सांगू नका."

"मी आहे ना," वहिनी म्हणाली. "माझा पगार आहे. थोडा आहे."

"पगाराची चिठ्ठी आणा. थोडा आहे का पुष्कळ ते मंजुरीवाले ठरवतील. मी लिहिते, मुलीने शिकवण्यासुद्धा लपवल्या नाहीत म्हणून. बाकीचं मी ऐकलं नाही." त्यांनी बारकीकडे पाहिलं. "बाबांना पाहिलंय मी. कर्ज घेताना आले होते. प्रत्येक पान वाचत बसले, मागच्या रांगेतली माणसं वैतागली."

"खाकरले असतील," बारकी म्हणाली.

"हो, सारखे."

तिने पहिल्यांदाच मान वर केली.

मंजुरी यायला वेळ लागला. त्या दिवसांत वहिनी फोन पुसत होती, पण चार्जर कधी लावत होती, कधी विसरत होती. एका सकाळी गजर झालाच नाही. बॅटरी संपली होती. बारकी तरी त्याच वेळेला उठून बसली, आणि आम्ही तिघी आपापल्या जागी पडून न झालेला गजर ऐकत राहिलो, शिट्टीसकट.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात बँकेतून बोलावणं आलं. सहा महिने मंजूर झाले होते, सहकर्जदार बदलण्याच्या अटीवर. स्टॅम्प पेपरवर पुरवणी करार छापून तयार होता. वहिनीने चष्मा आणला होता. तो तिने पर्सच्या चेनला दोऱ्याने बांधून ठेवला होता.

"आधी नोंद बदलते," बाई म्हणाल्या, "मग सह्या. नोंद बदलली की करार जोडता येतो." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला, आम्हाला दिसावा म्हणून. सहकर्जदार, पुढे भावाचं नाव, पुढे त्याचा नंबर. "हे काढून तुमचं घालायचं. काढू?"

वहिनी पडद्याकडे वाकली.

बाईंनी घाई केली नाही. मागे रांग होती. कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला. बारकी टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. वहिनी नावाकडे पाहत होती, आणि पाहता पाहता पडदा आपोआप काळा झाला.

"वेळ झाली की बंद होतो," बाई म्हणाल्या. पुन्हा पासवर्ड टाकला, पुन्हा सगळं उघडलं. नाव पुन्हा आलं. तसंच, आडनावासकट.

"आई," बारकी हळूच म्हणाली. "तू नाही म्हटलंस तरी चालेल. मी कुठेतरी काहीतरी काम धरते. हप्ता भरू."

तिला कुठे काय मिळालं असतं, हे तिला माहीत होतं आणि तिच्या आईलाही. जिथे तिची दुसरी फेरी झाली होती, त्यांचा तिसऱ्या फेरीसाठी मेल आला होता. वहिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला, भर बँकेत. बारकी दहा वर्षांची असल्यासारखा.

"काढा," ती म्हणाली. मग मोठ्याने, कुणी ऐकलं नसेल म्हणून, "ते वारलेत. काढा त्यांचं नाव."

बाईंनी बटण दाबलं. नाव गेलं. त्या जागी वहिनीचं नाव टाइप करायला लागल्या.

तेवढ्यात वहिनीच्या पर्समध्ये काहीतरी थरथरलं. आम्ही तिघींनी एकदम पर्सकडे पाहिलं. तिने चेन उघडली, चष्मा बाजूला सारला, आणि आतून भावाचा फोन काढला. तो तिने बरोबर आणलाय हे मला माहीत नव्हतं. पूर्ण चार्ज होता.

"त्यांना मेसेज आलाय," ती म्हणाली.

"नंबर काढला की जुन्या नंबरला जातो," बाई चाचरत म्हणाल्या. "सिस्टीमच पाठवते. खात्रीसाठी."

वहिनीने चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, एकेक शब्द, शाळेत धडा वाचतात तसं. "आपला मोबाईल क्रमांक या कर्जखात्यातून काढण्यात आला आहे. हा बदल आपल्या संमतीने झाला नसल्यास त्वरित शाखेत कळवा."

तिने फोन टेबलावर, कराराच्या शेजारी ठेवला. पेन उचललं नाही. हात मांडीवर घेऊन बसली. मी बसले, बारकी बसली. कर्जाच्या बाईसुद्धा की-बोर्डवरून हात काढून त्या फोनकडे पाहत राहिल्या. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं, आणि आमच्यापैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही.

फोनचा उजेड विझला.

"बरं," वहिनी म्हणाली, आणि करार पुढे ओढून तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतला.